फाट्यावरून गावापर्यंत

वाचकाचं पत्र

ताई, मी 22 वर्षांची आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते आणि तालुक्याला कापडाच्या दुकानात कामाला जाते. संध्याकाळची एसटी मला पावणेसातला फाट्यावर सोडते. तिथून घरी यायला दोन रस्ते आहेत. पांदणीनं पंधरा मिनिटं लागतात, पण तिथे एकही दिवा नाही. सडकेनं अर्धा तास जातो. आधी नाल्याचा पूल, मग जिनिंग, मग झेडपीची शाळा आणि शेवटी पानठेल्याचा चौक. ठेल्यावर दहा-पंधरा माणसं बसलेली असतात, सगळी वळून बघतात. म्हणून मी पांदणीनंच येते, कोणाच्या नजरेस पडत नाही. दिवाळीपासून मात्र भीती वाटायला लागली आहे. भाऊ पुण्याला आहे, बाबांचे गुडघे दुखतात. आई म्हणते, नोकरी सोड. मी काय करू?

उत्तर

तुझ्या पत्रातला ‘दिवाळीपासून’ हा शब्द मी दोनदा वाचला. भीती उगाच वाढली, मन कच्चं झालं, असं तुला वाटत असेल तर तसं नाही. एसटीची वेळ तीच राहिली, सूर्याची बदलली. आपल्याकडे जूनमध्ये दिवस मावळतो सातच्या सुमारास. डिसेंबरच्या सुरुवातीला तोच पाच-पस्तीसच्या आसपास मावळतो आणि त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांत वाट दिसेनाशी होते. म्हणजे पावसाळा लागताना तू उतरायचीस तेव्हा आभाळात उजेड असायचा. आता उतरतेस तेव्हा अंधार पडून पाऊण तास होऊन गेलेला असतो.

दुसरा बदल पांदणीच्या दोन्ही बाजूंना झाला आहे. जुलैमध्ये तूर तुझ्या घोट्याएवढी होती, आता ती तुझ्या डोक्याच्या वर गेली असेल. शेजारची पऱ्हाटी छातीएवढी. पांदण म्हणजे दोन वावरांमधली बंडी जाण्याइतकी वाट. पिकं वाढली की तिचा बोगदाच होतो. दहा पावलांपलीकडे कोण उभं आहे ते तुला दिसत नाही, आणि तू कुठे आहेस ते धुऱ्यावरच्या माणसालाही दिसत नाही. पिकात सळसळ झाली तर ते कुत्रं, रानडुक्कर, वारा की माणूस, हे कळायला मार्ग नाही. तू त्याच वाटेनं येतेस हे खरं, पण ती वाट आता तीच राहिलेली नाही.

आता जरा नाजूक प्रश्न विचारते, रागावू नकोस. ‘कोणाच्या नजरेस पडत नाही’ हे तू सोयीचं म्हणून लिहिलं आहेस. आपल्याकडे मुलींना लहानपणापासून हेच शिकवतात की दिसलीस तर बोलणी बसतील, म्हणून दिसू नकोस. बोलणी टाळायला हा उपाय चालतो. पण पाय मुरगळला, साप चावला, मागून कोणी आलं, तर तुला पाहिलेलं एकही माणूस गावात नसतं. फाट्यावर उतरल्यापासून घराच्या ओट्यावर पाय ठेवेपर्यंतची पंधरा मिनिटं तू कुठे होतीस, हे सांगू शकेल असं कोणीच नाही. बोलणी बसू नयेत म्हणून काढलेली वाट आणि सुरक्षित वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुझ्या मनात त्या एक होऊन बसल्या आहेत. माझ्याही बसल्या होत्या.

मी शिक्षिका होते. अकरा वर्षं अशाच एका फाट्यावरून गावात चालत गेले. एका हिवाळ्यात शाळेतली बैठक लांबली, शेवटची गाडी मिळाली आणि मी घाईनं पांदण धरली. मध्ये चिखल होता म्हणून धुऱ्यावरून, वावरातून वळसा घेणार, तेवढ्यात माळ्यावरून जागल्या ओरडला, “बाई, तिथंच थांबा! तार सोडली हाये!” रानडुकरं येऊ नयेत म्हणून त्यानं खांबावरून थेट वीज घेऊन गुडघ्याएवढ्या उंचीवर बारीक तार ओढली होती. मी तिच्यापासून चार पावलांवर होते. हातात विजेरी होती, तरी तार दिसली नव्हती. विजेरीच्या झोतात माती दिसते, आडवी बारीक तार नजर चुकवते.

झटका मशीनचं कुंपण वेगळं. त्यात वीज क्षणाक्षणाच्या ठोक्यांनी येते, जोरात धक्का बसतो, पण जीव जाऊ नये अशी त्याची रचना असते. खांबावरून आकडा टाकून थेट सोडलेली वीज मात्र माणूस, बैल, डुक्कर कोणालाही सोडत नाही. तो गुन्हा आहे, तरी विदर्भात दरवर्षी अशा तारेनं माणसं मरतात. सगळ्यात वाईट म्हणजे तार कधी जोडलेली आहे हे तिच्याकडे पाहून कळत नाही. शेताच्या लाइनीला वीज पाळीपाळीनं मिळते, बऱ्याचदा रात्रीची. दुपारी मेलेली तार रात्री जिवंत असते. तेव्हा कधी नाइलाजानं पांदणीनं यावंच लागलं, तर बंडीची चाकोरी सोडून एक पाऊलही वावरात टाकायचं नाही. चिखल असला तर चपला भरू देत.

म्हणून या मोसमात पांदण नको, हे माझं स्पष्ट मत. पण ‘सडकेनं जा’ एवढं सांगून माझी सुटका होत नाही, कारण तुझी सडक म्हणजे चार वेगवेगळे रस्ते आहेत आणि प्रत्येकाचा धोका निराळा. रविवारी दिवसा आईला घेऊन एकदा चालून बघ, आणि एकदा अंधार पडल्यावर कोणाला तरी सोबत घेऊन. तू लिहिलेल्या वेळांवरून पांदण साधारण सव्वा किलोमीटर असावी आणि सडक अडीचच्या आसपास. जास्तीची चाल पंधरा मिनिटांची आहे. ती कशासाठी चालायची, ते एकेका तुकड्यावर बघू.

पहिला तुकडा फाटा ते पूल. इथे दिवे नाहीत, वस्ती नाही, आणि इथला मुख्य धोका माणसाचा नसून गाडीचा आहे. ताशी साठच्या वेगानं येणारी मोटारसायकल एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. गर्द रंगाचा ड्रेस घातलेली बाई तिच्या मंद दिव्यात तीस-चाळीस मीटरवर आल्यावर दिसली, तर चालवणाऱ्याच्या हातात दोन सेकंद उरतात. म्हणून सडकेच्या उजव्या कडेनं चाल. म्हणजे तुझ्या बाजूनं येणारी गाडी समोरून येईल, तुला ती दिसेल आणि कडेला उतरायला वेळ मिळेल. डाव्या कडेनं चाललीस तर ती पाठीमागून येते. पांढरी ओढणी किंवा पांढरा रुमाल बॅगवर बाहेरून बांध. सायकलच्या दुकानात चमकणारी पट्टी मिळते, ती बॅगेच्या मागे आणि पुढे चिकटवली तर गाडीच्या दिव्यात लांबून उजळते. पुलावर कठड्याजवळ सरकायला जागा नसते, म्हणून पुलाच्या तोंडाशी थांबून दोन्ही बाजूंची गाडी जाऊ दे आणि मगच पूल ओलांड. एवढा एक मिनिट उशीर घरच्यांना सांगून ठेव.

विजेरीबद्दल इथेच सांगते. मोबाइलची विजेरी डोळ्यांसमोर धरून चालू नकोस. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा टक लावून पाहिलं की तो सराव मोडतो. झोत कमरेखाली, पायापुढच्या चार-पाच फुटांवर ठेव. त्यानं खड्डा आणि साप दिसतो, आणि डोळे रिकामे राहतात लांबचं बघायला. समोरून गाडी येताना झोत दोनदा हलव, म्हणजे चालवणाऱ्याला हलणारा उजेड दिसेल. कानात गाणी ऐकायच्या दोऱ्या नकोत. अंधारात कान डोळ्यांपेक्षा आधी बातमी आणतात.

दुसरा तुकडा जिनिंगचा. हा तुकडा सगळ्यांत उजेडाचा आहे, म्हणून सगळ्यांत चांगला, असं तुला वाटेल. अर्धं खरं आहे. सध्या कापसाचा हंगाम आहे, गेटवर मोठे दिवे आणि रात्रपाळीचा चौकीदार असेल. पण त्याच हंगामात सडकेच्या कडेला कापसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. बऱ्याच ट्रॉल्यांना मागचा लाल दिवा नसतो. ट्रॉली आणि कुंपण यांच्यामध्ये जी फूट-दीड फुटाची गल्ली राहते तिथे उजेड पोचत नाही, आणि गाडीपासून वाचायच्या नादात आपण नेमके तिथेच शिरतो. तिथे शिरू नकोस. ट्रॉल्या ज्या बाजूला उभ्या आहेत त्याच्या विरुद्ध बाजूनं, मोकळ्या कडेनं जा. गाडीचा धोका इथे थोडा वाढतो हे मला माहीत आहे. पण दिव्याखाली गाड्या हळू असतात आणि तू सगळ्यांना दिसतेस.

जिनिंगच्या दिव्यांची आणखी एक गंमत. खूप झगझगीत दिव्याखालून पुढच्या अंधारात शिरलं की मिनिटभर काहीच दिसत नाही. ज्याला तू दिव्यात असताना दिसलीस, तो मात्र तुला नीट बघू शकतो. म्हणून दिव्याच्या शेवटच्या कडेला चप्पल नीट करायच्या निमित्तानं थांब, डोळे पुढच्या अंधाराकडे लाव, आणि मग पाऊल टाक. आणि हंगाम संपला की जिनिंग बंद होतं, दिवे जातात, चौकीदार उरला तर एखादाच. आज चांगला असलेला तुकडा एप्रिल-मेमध्ये तसा राहणार नाही, हे मनात ठेव.

तिसरा तुकडा शाळेचा, आणि मला वाटतं तुझी खरी अडचण हीच आहे. संध्याकाळची शाळा म्हणजे बंद फाटक, लांब भिंत, आत काळोख. भिंतीच्या बाजूनं दार नाही, खिडकी नाही, ओट्यावर बसलेली आजी नाही. बाहेर खांबावर दिवा लागत असला तरी तो रिकाम्या भिंतीवर उजेड पाडतो. रस्ता किती उजेडाचा, हे विचारताना मी नेहमी दोन गोष्टी एकत्र बघते. एक म्हणजे समोरून येणाऱ्याचा चेहरा पाच-सहा पावलांवरून ओळखता येतो का. फक्त आकृती दिसत असेल आणि चेहरा नाही, तर तो उजेड नाही. आणि दुसरी, मी ओरडले तर कोणाचं दार उघडेल. शाळेजवळ दिवा असला तरी दुसऱ्या गोष्टीचं उत्तर ‘कोणाचंच नाही’ असं येतं. म्हणून भिंतीला चिकटून चालू नकोस, समोरच्या कडेनं जा, आणि शाळेपलीकडचं पहिलं घर कोणाचं आहे, तिथे संध्याकाळी कोण असतं, हे रविवारी पाहून ठेव. जमलं तर त्या घरात पाच मिनिटं बसून ये. “मावशी, मी रोज सातच्या पुढं इथून जात असते,” एवढं बोललीस तरी पुरे. पुढच्या वेळी तू त्या घराच्या ओट्याकडे वळलीस तर दार उघडणारी बाई तुला ओळखत असेल.

कोणी मागे येतंय असं वाटलं, तर घाईनं घर गाठायचं नाही. तुझं घर गावाच्या टोकाला असेल तर त्याला फक्त घर कळेल. वळायचं ते अशाच जागत्या ओट्याकडे. आत जाऊन पाणी मागायचं आणि तिथून घरी फोन करायचा. खरंच धोका दिसला तर 112 लाव आणि गावाचं, सडकेचं, जवळच्या खुणेचं नाव सांग, ‘जिनिंग आणि शाळेच्या मध्ये’ असं. पोलीस पाटलांचा नंबर फोनमध्ये वेगळा ठेव, कारण तालुक्याहून गाडी यायला वेळ लागतो आणि पाटील पाच मिनिटांवर राहतात.

आता पानठेल्याचा चौक. या तुकड्यासाठी तू इतके दिवस पांदण चाललीस, म्हणून यावर थोडं थांबते. दहा-पंधरा माणसं वळून बघतात, हे त्रासाचं आहे, यात वाद नाही. पण बघणं, बोलणं आणि उठून मागे येणं या तीन पायऱ्या आहेत, आणि प्रत्येकीला उत्तर वेगळं. तुझ्या पत्रात पहिलीच पायरी आहे. ती माणसं कोण आहेत? त्यातली निम्मी तुझ्या बाबांच्या ओळखीची असतील. कोणी चुलता लागत असेल, एखादा वर्गातला असेल. मान खाली घालून भरभर निघून जाणाऱ्या मुलीकडे जास्त बघतात, हे मी अकरा वर्षांत शिकले. पहिल्याच दिवशी ठेलेवाल्याकडे बघून मोठ्यानं बोल, “काका, आज गाडी उशिरा आली हो. बाबा इकडून गेले का?” एवढ्या एका वाक्यानं तू ‘कोणाची तरी पोरगी’ होतेस, आणि ठेलेवाला तुझा साक्षीदार होतो. उद्या तू सव्वासातला दिसली नाहीस, तर ‘आज ती पोरगी नाही आली’ हे त्याच्या लक्षात येतं.

हे सगळीकडे चालतं असं मी म्हणणार नाही. एखाद्या चौकात एकच जण असतो जो घाणेरडं बोलतो आणि बाकीचे हसतात. तसं झालं, तर काका म्हणून काही होत नाही. मग तो कोण, कोणत्या दिवशी, काय बोलला, हे घरी आल्या आल्या वहीत लिही, आणि बाबांनी ते ठेलेवाल्याला आणि पोलीस पाटलांना सांगावं. दुखणाऱ्या गुडघ्यांनी फाट्यावर यायची गरज नाही, चौकापर्यंत तर ते चालू शकतात. रोज सव्वासातला त्यांनी चौकात येऊन बसलं तर शेवटचा तुकडा तुझ्यासाठी सुटलाच, आणि त्यांचंही चार माणसांत बसणं होईल.

घरच्यांशी वेळ ठरवून घे. फाट्यावर उतरलीस की एक मिस कॉल. पुलाचं थांबणं धरून पस्तीस मिनिटं. तेवढ्यात तू चौकात पोचली नाहीस तर बाबा फोन करतील, आणि फोन लागला नाही तर शेजारच्या कोणाला तरी मोटारसायकलवर सडकेनं पाठवतील, पांदणीनं नाही. हे ‘कोणाला तरी’ आधीच नाव घेऊन ठरवा, ऐन वेळी शोधायला लागू नये. आणि म्हणूनच रस्ता रोज बदलायचा नाही. आज सडक, उद्या घाई म्हणून पांदण, असं केलंस तर शोधायला निघालेला माणूस चुकीच्या वाटेनं जाईल.

सगळ्यांत स्वस्त उपाय मी शेवटी ठेवला आहे, कारण तो रस्त्याचा नाही, वेळेचा आहे. तुझ्या दुकानाच्या मालकांना विचार की नोव्हेंबर ते फेब्रुवारी मला सकाळी अर्धा-पाऊण तास लवकर बोलवा आणि संध्याकाळी तेवढं लवकर सोडा. त्याआधीची एसटी असेल आणि ती तुला पावणेसहा-सहाच्या दरम्यान फाट्यावर उतरवत असेल, तर शेवटचा संधिप्रकाश तरी हाताशी असतो, आणि शेतातून घरी परतणाऱ्या बायका सडकेवर असतात. कापूस वेचायला गेलेल्या बायकांचा तांडा तुला फाट्याजवळच भेटेल, त्यांच्याबरोबर चाल. हा मोसम त्याच कारणासाठी बरा आहे. मालक नाही म्हणाले, तर फाट्यावर तुझ्याबरोबर आणखी कोण उतरतं ते बघ. अंगणवाडीची, दवाखान्यातली, कॉलेजची कोणी ना कोणी असते. दोघी झाल्या की सडकेचं गणितच बदलतं. महिलांना 2023 च्या मार्चपासून एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणून पुढच्या बाजारगावापर्यंत जाऊन तिथून काळी-पिवळीनं गावात येणंही परवडू शकेल. फक्त रिकाम्या काळी-पिवळीत एकटीनं बसायचं नाही. दोन-तीन बायका चढल्या की मग चढ.

आता दिव्यांचं. तुझ्या घरच्या कराच्या पावतीवर घरपट्टीखाली ‘दिवाबत्ती’ असा रकाना असतो. गावातली दिवाबत्ती हे ग्रामपंचायतीचं काम आहे आणि त्याचे पैसे तुम्ही दिलेले आहेत, तेव्हा विचारताना लाजायचं कारण नाही. पण ‘आमच्याकडे अंधार आहे’ असं तोंडी सांगून काम होत नाही. खांबाखांबानं लिहून ने. शाळेजवळचा एकच दिवा मेला असेल आणि बाकीचे लागत असतील, तर बल्ब किंवा त्याचा सांधा गेला, ते पंचायतीचं काम. एका खांबापुढचे सगळेच बंद असतील पण घरांत वीज असेल, तर दिव्यांची वेगळी तार कुठेतरी तुटली असेल. घरंही अंधारात असतील तर ते महावितरणाकडे. सौर दिवा संध्याकाळी छान लागून दोन-तीन तासांत विझत असेल, तर बॅटरी दमली आहे. लागतच नसेल, तर आधी वरच्या पॅनेलवरची धूळ बघायला सांग, कापसाच्या हंगामात ती जाड बसते.

आणि एक गोष्ट मी तीन-चार गावांत बघितली आहे, ती तुझ्याकडेही तपास. दिवे सगळे चांगले असतात, पण ते लावायला शिपाई सात वाजता येतो, उन्हाळ्यासारखाच. हिवाळ्यात सहालाच अंधार पडतो, मग एक तास दिवे असून नसल्यासारखे. त्याला पैसे लागत नाहीत, फक्त वेळ बदलायची आहे. अर्जात हेच पहिलं मागणं लिही. दुसरं मागणं शाळेच्या भिंतीपाशी एक दिवा. अर्जाची पोच घे. 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. तिथे तू एकटी उठून बोलू नकोस. शाळेपलीकडच्या त्या मावशी आणि कापूस वेचणाऱ्या दोघी-चौघींना घेऊन जा. त्याही त्याच अंधारातून येतात, कोणी विचारलं नाही म्हणून बोलल्या नसतील.

आईशी भांडू नकोस. ती नोकरी सोड म्हणते, कारण तिला दोनच गोष्टी दिसतात, पांदण आणि घर. तिला रविवारी सडक चालून दाखव आणि मिस कॉलचं ठरव. महिनाभर असं चालून बघा, मग दोघींनी बसून ठरवा.

पांदण कायमची सोडायची नाही. मार्चच्या शेवटी दिवस साडेसहाच्या सुमारास मावळतो, तूर निघालेली असते, पऱ्हाटी उपटलेली असते, आणि फाट्यावरून गावाचं देऊळ नजरेला पडतं. तेव्हा संधिप्रकाशात पांदणीनं यायला हरकत नाही. घरी मात्र आधी सांग की उद्यापासून वाट बदलली. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की काळी माती चपलेला धरते, साप बाहेर पडतात, आणि त्या दिवसापासून पुन्हा सडक.